लॅपटॉपवर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला की राउटरबद्दल नेमकं काय कळतं

वायफायला जोडलंय, सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या आहेत, पण एकही पान उघडत नाही. मॅकवर वायफायच्या सेटिंगमध्ये बघितलं तर self-assigned IP address असं काहीतरी लिहिलेलं असतं, विंडोजवर ट्रबलशूटर चालवला तर तो म्हणतो `"Wi-Fi" doesn't have a valid IP configuration`. आणि मग Command Prompt मध्ये `ipconfig /all` मारून बघितलं की तिथे एक विचित्र पत्ता, म्हणजे 169.254 आणि पुढे काहीही दोन आकडे, आणि त्याच्या शेजारी Autoconfiguration IPv4 Address. बहुतेक जण हे बघितल्यावर पहिलं काम काय करतात तर इंटरनेट कंपनीला फोन लावतात. तो फोन जवळजवळ नेहमीच वाया जातो आणि का वाया जातो ते कळलं की बाकीचं निम्मं गणित सुटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करूया.

नेटवर्कवर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो, आणि घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हा पत्ता वाटायचं काम राउटरच्या आत चालणारा एक छोटा प्रोग्रॅम करतो, त्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. लॅपटॉप जोडला गेला की त्याच्याकडे स्वतःचा पत्ता नसतो आणि समोर कोण आहे हेही माहीत नसतं, त्यामुळे तो अख्ख्या नेटवर्कला ऐकू जाईल असा एक संदेश सोडतो, अनोळखी वाड्यात शिरल्यावर दारातूनच "कोण आहे का घरात" अशी हाक मारावी तसा. या संदेशाला डिस्कव्हर म्हणतात. राउटर उत्तर देतो की हा घे, हा पत्ता मोकळा आहे (ऑफर), लॅपटॉप म्हणतो की बरं, मग हाच दे मला (रिक्वेस्ट), आणि राउटर शेवटी पक्कं करतो (अ‍ॅक). हे चार संदेश नीट झाले तर सगळा व्यवहार सेकंदाभरात आटपतो आणि आपल्याला कळतही नाही. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतो, त्या मुदतीच्या कराराला लीज म्हणतात आणि ती पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

आता समजा हाक मारली आणि कोणीच बोललं नाही. लॅपटॉप थोडं थांबून परत विचारतो, परत थांबतो, परत विचारतो, आणि तरीही शांतताच असेल तर स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकतो. यासाठी 169.254 ने सुरू होणारा सगळा पट्टा मुद्दाम राखून ठेवलेला आहे, विंडोजमध्ये ही सोय विंडोज ९८ पासून आहे आणि २००५ मध्ये त्याचं रीतसर मानकही आलं. लॅपटॉप त्या पट्ट्यातला कुठलातरी आकडा निवडतो, हा पत्ता आधीच कोणी वापरत नाहीये ना हे नेटवर्कवर विचारून बघतो, कोणी हरकत घेतली नाही की लावून घेतो. हा पत्ता खोटा नाही बरं का, त्याच नेटवर्कवर अशाच दुसऱ्या 169.254 वाल्या लॅपटॉपशी तो बोलू शकतो, दोन लॅपटॉप एका केबलने थेट जोडले तर फाइल पाठवता येते ती याच्याच जोरावर. पण या पत्त्याची पाकिटं कुठल्याही राउटरने पुढे न्यायची नाहीत असा नियमच आहे, आणि लॅपटॉपला बाहेरचा दरवाजा म्हणजे गेटवे कोणता हेही कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून इंटरनेट बंद.

म्हणजे 169.254 दिसलं याचा अर्थ एका वाक्यात असा की लॅपटॉपने विचारलं आणि त्याला कामाचं उत्तर मिळालं नाही. यातून दोन गोष्टी लगेच बाद होतात. एक, केबल निघालेली नाही किंवा वायफाय तुटलेलं नाही, कारण तसं असतं तर विंडोजने Media disconnected लिहिलं असतं आणि पत्ता लावायचा प्रश्नच आला नसता. दुसरी बाद होणारी गोष्ट जास्त मोठी आहे, इंटरनेटची लाइन. राउटर तुम्हाला पत्ता देतो तो स्वतःच्या खिशातून देतो, त्यासाठी त्याला बाहेर कोणालाही विचारावं लागत नाही. रस्त्यात फायबर तुटलेली असली, बिल थकलेलं असलं, राउटरवर लाल दिवा लागलेला असला तरी लॅपटॉपला 192.168 वगैरेने सुरू होणारा पत्ता मिळायलाच हवा, मग भले इंटरनेट चालो न चालो. म्हणून पत्ता नीट आहे पण नेट नाही, तर लाइनवर संशय घ्या, आणि पत्ताच 169.254 चा आहे तर लाइन विसरा, भानगड लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधे किंवा राउटरच्या आत आहे. याला एकच खरा अपवाद म्हणजे मधे राउटर नसेल आणि लॅपटॉप थेट मोडेमला जोडलेला असेल, तेव्हा पत्ता कंपनीकडूनच येतो आणि तेव्हा कंपनीला फोन करणं बरोबर आहे.

राउटर नुकताच सुरू झाला असेल तर काही करू नका, दोन मिनिटं थांबा. बत्ती जाऊन आली की काही राउटरमध्ये वायफाय आधी जागं होतं आणि पत्ते वाटणारा प्रोग्रॅम नंतर, लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो त्यामुळे तो लगेच जोडून घेतो, विचारतो, उत्तर मिळत नाही आणि 169.254 लावून बसतो. विंडोज त्यानंतर साधारण दर ५ मिनिटांनी आपणहून परत विचारतं, तेवढं थांबायचं नसेल तर `ipconfig /renew` मारा, मॅकवर वायफायच्या Details मध्ये TCP/IP खाली Renew DHCP Lease हे बटण आहे. यात सुटलं तर विषय संपला. नाही सुटलं तर पुढे वाचा.

इथे प्रत्येक जण एक चाचणी करतो ती म्हणजे फोन बघणे. फोनवर त्याच वायफायवर सगळं चालतंय, म्हणजे राउटर ठीक आहे, म्हणजे लॅपटॉप बिघडलाय. हा निष्कर्ष इतका सहज येतो की त्याच्यावर शंका घ्यायचं सुचतच नाही, पण तो चुकीचा आहे आणि यात लोकांचे तासन् तास जातात, ड्रायव्हर काढून टाकतात, विंडोज नव्याने टाकतात. चूक कुठे होते तर लीजमध्ये. फोनला पत्ता कधी मिळाला? कदाचित काल सकाळी, २४ तासांच्या मुदतीने. त्यानंतर राउटरमधला पत्ते वाटणारा प्रोग्रॅम बंद पडला तरी फोनला त्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत वापरता येतो, पाकिटं इकडून तिकडे न्यायचं काम राउटरचा वेगळाच भाग करतो आणि तो व्यवस्थित चालू असतो. मुदत निम्मी झाली की फोन राउटरला वाढवून मागतो, उत्तर आलं नाही तरी पत्ता सोडत नाही, साधारण साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत झाली की अख्ख्या नेटवर्कला विचारतो, आणि मुदत पूर्ण संपली की मगच पत्ता सोडतो. म्हणजे चालू असलेला फोन फक्त एवढंच सांगतो की कधीतरी मागे राउटर पत्ते वाटत होता. आत्ता वाटतोय का, हे तो सांगत नाही.

मग आत्ताचं कसं कळणार? दुसरा कुठला चालू असलेला विंडोज लॅपटॉप असेल तर त्याच्यावर `ipconfig /all` मारा, त्यात Lease Obtained आणि Lease Expires अशा दोन ओळी असतात. मग त्याच लॅपटॉपवर `ipconfig /renew` मारा, release मारू नका, नाहीतर हातातला चालू पत्ता सोडून बसाल. आणि पुन्हा बघा. Lease Obtained ची वेळ बदलून आत्ताची झाली तर राउटरचा वाटप करणारा प्रोग्रॅम जिवंत आहे. वेळ बदलली नाही आणि एरर आली तर तो मेलेला किंवा अडकलेला आहे आणि आज ना उद्या मुदत संपेल तशी एकेक यंत्रं बाहेर पडत जाणार. माझ्या मते ही एवढी चाचणी फोन बघण्यापेक्षा दहापट कामाची आहे, कारण ती नेमका योग्य प्रश्न विचारते.

दुसरी चाचणी अडकलेल्या लॅपटॉपवरच करायची. त्याला हाताने पत्ता देऊन बघायचा. चालू लॅपटॉपवर Default Gateway काय आहे ते बघून घ्या, समजा 192.168.1.1 आहे, तर अडकलेल्या लॅपटॉपला 192.168.1.240 असा पत्ता, मास्क 255.255.255.0 आणि गेटवे 192.168.1.1 द्या. शेवटचा आकडा निवडताना तो राउटर ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा आणि दुसऱ्या कोणी वापरत नसलेला हवा, नाहीतर दोन यंत्रांचा एकच पत्ता होऊन नवीनच गोंधळ होईल. मग हे दोन मारा.

```
ping 192.168.1.1
arp -a
```

पिंगला उत्तर आलं तर लॅपटॉपचं कार्ड, ड्रायव्हर, वायफाय, मधला रस्ता सगळं ठीक, फक्त पत्ता मागण्या-देण्याचा व्यवहार फसतोय. पिंगला उत्तर नाही पण `arp -a` च्या यादीत 192.168.1.1 समोर राउटरचा सहा जोड्यांचा हार्डवेअर पत्ता दिसतोय तरीही रस्ता ठीकच आहे, काही राउटर पिंगला उत्तरच देत नाहीत. दोन्ही नाही, तेव्हा मात्र रस्ताच बंद आहे असं समजा, पत्ता न मिळणं हा त्याचा फक्त एक परिणाम. चाचणी झाली की सेटिंग परत Automatic वर आणायला विसरू नका, ते तसंच राहिलं की हाच लॅपटॉप दुसऱ्या ठिकाणी नेल्यावर तिथे चालत नाही आणि तोपर्यंत कारण डोक्यातून गेलेलं असतं.

आता एक केस पूर्ण सोडवून बघूया, मी मुद्दाम अशी मांडतोय की ज्यात सगळे पुरावे लॅपटॉपकडे बोट दाखवतात आणि दोष राउटरच्या एका सेटिंगचा असतो. एक छोटं ऑफिस धरा. राउटर 192.168.1.100 पासून 192.168.1.149 पर्यंत पत्ते वाटतो, म्हणजे एकूण ५०, आणि कोणीतरी कधीतरी लीजची मुदत ७ दिवस करून ठेवलीये. ऑफिसची रोजची यंत्रं, लॅपटॉप, फोन, प्रिंटर, कॅमेरे मिळून ३०. शिवाय रोज बाहेरची ५ माणसं येतात, वायफायचा पासवर्ड मागतात, तासभर बसून जातात. रविवारी बत्ती गेल्यामुळे राउटर रीस्टार्ट झाला आणि त्याची यादी कोरी झाली. सोमवारी संध्याकाळी यादीत ३५ नावं, मंगळवारी ४०, बुधवारी ४५, गुरुवारी ५०. आलेली माणसं कधीच निघून गेली, पण त्यांचे पत्ते ७ दिवस त्यांच्याच नावावर अडकलेत.

शुक्रवारी सकाळी एक सहकारी दहा दिवसांच्या सुट्टीवरून परत येते आणि लॅपटॉप उघडते. तिची जुनी लीज संपून गेलीये, लॅपटॉप नव्याने हाक मारतो, राउटरकडे द्यायला पत्ता नाही. अशा वेळी तो "संपले" असं उत्तर पाठवत नाही, गप्प बसतो, कारण डिस्कव्हरला नकार द्यायची पद्धतच या व्यवहारात नाही. लॅपटॉपच्या दृष्टीने राउटर नसणं आणि राउटर भरलेला असणं हे अगदी सारखंच दिसतं, दोन्हीकडे शांतता, आणि म्हणून दोन्हीकडे 169.254. शेजारच्या सगळ्यांचं छान चाललंय कारण त्यांच्या लीज दर साडेतीन दिवसांनी, म्हणजे निम्म्या मुदतीला, वाढवून मिळतायत, त्यांची जागा यादीत पक्की आहे. तिच्या फोनलाही पत्ता मिळालेला नाही खरं तर, पण फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो त्यामुळे तिला वाटतं फोनचं वायफाय चालतंय. शुक्रवारी आलेल्या पाहुण्यांच्या फोनचंही तेच झालं, त्यांनीही तक्रार केली नाही. मग ऑफिसात एकमताने ठरतं की हिचा लॅपटॉप बिघडला.

आता वरच्या दोन चाचण्या लावा. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर `ipconfig /renew` यशस्वी, Lease Obtained ची वेळ आत्ताची झाली, म्हणजे वाटप करणारा प्रोग्रॅम जिवंत. तिच्या लॅपटॉपला हाताने 192.168.1.240 दिला, पिंगला उत्तर आलं, म्हणजे रस्ता ठीक आणि लॅपटॉपही ठीक. जुन्याला मुदतवाढ मिळते आणि नव्याला पत्ता मिळत नाही, हे दोन्ही एकदम खरं असायला कारणं अगदी थोडी उरतात, एकतर पत्ते संपलेत नाहीतर राउटरमध्ये कोणीतरी ठरावीक यंत्रांनाच पत्ता द्यायचं फिल्टर लावलंय. राउटरच्या पानावर DHCP Client List नावाची किंवा तशाच अर्थाची यादी असते ती उघडली की पन्नासच्या पन्नास ओळी भरलेल्या आणि त्यातल्या वीसेक कोणाच्या ते कोणालाच माहीत नाही. तुमच्या राउटरमध्ये पत्ते वाटायला dnsmasq नावाचा प्रोग्रॅम असेल, पुष्कळ राउटरमध्ये असतो, तर लॉगमध्ये no address available अशी ओळही सापडते, आणि ती सापडली की आणखी पुराव्याची गरजच नाही.

या केसमध्ये राउटर रीस्टार्ट केला असता तर काय झालं असतं? सगळं लगेच चालू झालं असतं. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये ही यादी फक्त मेमरीत असते, बंद करून चालू केलं की कोरी. म्हणून रीस्टार्टने सुटणारा आणि ठरावीक दिवसांनी परत येणारा 169.254 दिसला तर मी आधी पत्ते संपण्याचा संशय घेतो. वाटपाचा प्रोग्रॅमच कोलमडत असेल तर तो कधीही कोलमडतो, त्याला वार नसतो, पण पत्ते संपणं हे गणित आहे आणि ते गणित दर खेपेला साधारण तेवढेच दिवस घेतं. हल्ली यात एक भर पडलीये, फोन आणि काही लॅपटॉप आपला खरा हार्डवेअर पत्ता लपवून बनावट पत्ता वापरतात, आणि विंडोजमध्ये तो रोज बदलायचीही सोय आहे. राउटर माणूस ओळखत नाही, हार्डवेअर पत्ता ओळखतो, त्यामुळे तोच लॅपटॉप रोज नवीन यंत्र म्हणून येतो आणि रोज एक नवीन पत्ता खातो.

दोष खरंच लॅपटॉपचा असतो तेव्हा चित्र वेगळं दिसतं. हाताने पत्ता देऊनही रस्ता बंद, आणि कधीच न जोडलेलं तिसरं एखादं यंत्र आणलं की त्याला मात्र पत्ता पटकन मिळतो (आणताना त्याचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फसगत होते). अशा वेळी सगळ्यात आधी बघायचं ते व्हीपीएन आणि अँटिव्हायरसचं फायरवॉल, कारण ही मंडळी नेटवर्क कार्डच्या वर स्वतःचा थर बसवतात आणि कधीकधी अर्धवट काढून टाकल्यावरही तो थर तिथेच राहून पाकिटं अडवतो. वायफायच्या पासवर्डवर मात्र फारसा संशय घेऊ नका, आजच्या डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड चुकला तर जोडणीच होत नाही, मामला पत्त्यापर्यंत येतच नाही. जुन्या डब्ल्यूईपीमध्ये चुकीच्या पासवर्डनेही जोडल्यासारखं दिसायचं आणि मग 169.254 यायचा, तो सल्ला अजून फिरतोय एवढंच.

आणि ज्यांना खात्रीच करायचीये त्यांनी मॅक किंवा लिनक्सवर हे चालवून वायफाय बंद-चालू करावं, लिनक्सवर en0 च्या जागी आपल्या कार्डाचं नाव टाकायचं.

```
sudo tcpdump -ni en0 port 67 or port 68
```

लॅपटॉपच्या हाका नुसत्या जाताना दिसल्या आणि परत काहीच आलं नाही तर एकतर राउटर गप्प आहे नाहीतर मधे कोणीतरी गिळतंय. ऑफर परत आलेली दिसतेय आणि तरीही लॅपटॉप पुढची रिक्वेस्ट पाठवत नाहीये तर राउटरला सोडा, त्याने त्याचं काम केलंय, उत्तर लॅपटॉपच्या दारापर्यंत येऊन आत अडतंय. आणि सगळा व्यवहार पूर्ण होऊन शेवटी लॅपटॉपच पत्ता नाकारतोय, डिक्लाइन पाठवतोय, तर कोणीतरी प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला हाताने असा पत्ता देऊन ठेवलाय जो राउटरच्या वाटपाच्या टप्प्यातच येतो. लिनक्सवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे बहुतेक वेळा 169.254 दिसतच नाही, जोडणी थोडा वेळ धडपडून अपयशी म्हणून सोडून दिली जाते, कारण तेच असतं.

वरच्या ऑफिसचा इलाज पाच मिनिटांचा आहे. वाटपाचा टप्पा 192.168.1.20 ते 192.168.1.219 करा, म्हणजे २०० पत्ते झाले, २० च्या खालचे हाताने द्यायला मोकळे राहिले. मुदत ७ दिवसांवरून ८ तासांवर आणा, म्हणजे सकाळी आलेल्या पाहुण्याचा पत्ता रात्रीपर्यंत आपोआप सुटेल. पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय असेल आणि राउटर त्याला वेगळे पत्ते देत असेल तर आणखी बरं. दोन्ही सेव्ह करून राउटर एकदा रीस्टार्ट करा म्हणजे जुन्या ७ दिवसांच्या नोंदी पुसल्या जातील, आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ती यादी उघडून ओळी मोजा, पस्तीसच्या आसपास असल्या तर झालं, तरीही पन्नासच्या वर गेल्या असतील तर कुठलंतरी यंत्र रोज वेगळ्या नावाने येतंय, ते शोधा.